स्वतःच्याच इंटिग्रलमध्ये दडलेलं फंक्शन

हे समीकरण बघा.

f(x) = 5 + ∫₂ˣ f(t) dt

पहिल्यांदा पाहताना कोंडी झाल्यासारखं वाटतं. आपल्याला f शोधायचं आहे. त्यासाठी उजवी बाजू काढायला हवी, आणि ती काढायला बसावं तर आत पुन्हा f बसलेलं. म्हणजे जे शोधायचं, तेच आधी हातात असायला हवं. x² किंवा sin x चं इंटिग्रल काढायची सवय झालेल्या विद्यार्थ्याचा हात इथे थांबतो, कारण ज्याचं इंटिग्रल घ्यायचं तेच माहीत नाही.

सुटका मात्र फार दूर नाही. दोन्ही बाजूंचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की इंटिग्रलचं चिन्ह निघून जातं आणि एक साधं समीकरण उरतं. वर्गात ही युक्ती दोन ओळींत सांगून होते. पण त्या दोन ओळींत इंटिग्रलच्या जोडीने आणखीही काही निघून जातं आणि तिकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी समीकरण नीट वाचू. ∫₂ˣ f(t) dt म्हणजे 2 पासून x पर्यंत f च्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. आतलं t हे नाव फक्त आतल्या कामापुरतं आहे. x ही क्षेत्रफळ मोजताना जिथे थांबायचं ती जागा, तर t म्हणजे 2 पासून तिथवर जाताना वाटेत लागणारा प्रत्येक बिंदू. दोन्हींना x म्हटलं तर कुठला x थांबलेला आणि कुठला चालणारा हे कळत नाही, म्हणून नावं वेगळी. मग समीकरण असं सांगतं: x या जागी आलेखाची उंची किती? 2 पासून इथपर्यंत जमलेलं क्षेत्रफळ, अधिक 5.

असं वाचलं की कोंडी थोडी फुटते. x = 2 या जागी अजून काहीच क्षेत्रफळ जमलेलं नाही, कारण आपण तिथूनच सुरुवात करतो आहोत. म्हणून तिथली उंची ५, दुसरी असूच शकत नाही. आता ०.१ इतकं पुढे सरका. मधली पट्टी साधारण ५ उंच आणि ०.१ रुंद, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ०.५. नवी उंची ५.५ झाली. आणखी ०.१ पुढे गेलो की पट्टी ५.५ उंच, क्षेत्रफळ ०.५५, उंची ६.०५. दर पावलाला उंचीला १.१ ने गुणलं जातंय. उंची वाढली की पुढची पट्टी मोठी होते, आणि पट्टी मोठी झाली की उंची आणखी वाढते. अशी दहा पावलं टाकून x = 3 वर पोचलो की उंची येते १२.९७. पावलं आणखी बारीक, म्हणजे ०.०१ ची घेतली तर १३.५२ येते. पावलं बारीक करत गेलो की हा आकडा १३.५९ कडे सरकतो.

म्हणजे उत्तर न शोधताही आपण ते पायरीपायरीने बांधू शकतो. खालच्या सीमेपाशी उंची किती आणि तिथून पुढे ती कशी वाढते, या दोन गोष्टी समीकरणातच आहेत. याच दोन गोष्टींकडे शेवटपर्यंत लक्ष ठेवायचं आहे.

आता डेरिव्हेटिव्ह घेऊ. डावीकडे f′(x). उजवीकडे 5 चं डेरिव्हेटिव्ह शून्य. उरलं क्षेत्रफळ. वरची सीमा x किंचित पुढे सरकवली तर क्षेत्रफळात एका अरुंद पट्टीची भर पडते, आणि त्या पट्टीची उंची f(x). म्हणून क्षेत्रफळाच्या वाढीचा वेग म्हणजे त्या जागची उंचीच. न्यूटन आणि लायब्निट्स या दोघांच्या नावाशी जोडलेलं कॅल्क्युलसचं मूलभूत प्रमेय ते हेच. तर

f′(x) = f(x)

इथे जरा थांबू. मूळ समीकरणात 5 होता आणि खालची सीमा 2 होती. नव्या समीकरणात दोन्ही दिसत नाहीत. सुरुवातीला f(x) = 100 + ∫₇ˣ f(t) dt असतं, तरी डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर हेच f′ = f मिळालं असतं. दोन अगदी वेगळे प्रश्न इथे येऊन एकसारखे दिसायला लागले. वाढीचा नियम टिकला, पण सुरुवात कुठून आणि किती उंचीवरून, ही माहिती गेली. ती परत आणायला मूळ समीकरणाकडे वळावंच लागतं, कारण f′ = f मध्ये ती कुठेच नाही.

त्याआधी f′ = f सोडवू. बरेच जण दोन्ही बाजूंना f ने भागून f′/f = 1 असं लिहितात आणि लॉगपर्यंत जातात. उत्तर बहुधा बरोबर येतं, पण f कुठेही शून्य होत नाही हे त्यात न सांगता धरून घेतलेलं असतं, आणि f तर आपल्याला अजून माहीतच नाही. त्यापेक्षा मला हा मार्ग आवडतो: g(x) = f(x)·e⁻ˣ असं एक फंक्शन घ्या आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह काढा.

g′(x) = f′(x)·e⁻ˣ − f(x)·e⁻ˣ = 0

f′ आणि f सारखेच असल्यामुळे दोन्ही पदं एकमेकांना खाऊन टाकतात. ज्याचं डेरिव्हेटिव्ह सगळीकडे शून्य ते फंक्शन स्थिर असतं. म्हणून g म्हणजे एक स्थिरांक A, आणि f(x) = A·eˣ. यात कुठे भागाकार नाही, f शून्य आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. शिवाय f′ = f चं उत्तर A·eˣ या रूपाचंच असतं, दुसरं कुठलंच नसतं, हेही याच दोन ओळींत सिद्ध होतं. भागाकाराच्या वाटेने गेलेल्याला 5 च्या जागी 0 असलेलं समीकरण द्या, f(x) = ∫₂ˣ f(t) dt, आणि बघा. तिथे एकमेव उत्तर f = 0 आहे, आणि नेमकं तेच भागाकारामुळे हरवतं.

A किती ते मूळ समीकरण सांगेल. त्यासाठी x ची अशी किंमत निवडायची की इंटिग्रल शून्य होईल, म्हणजे वरची सीमा खालच्या सीमेवर आणायची. इथे x = 2. मग f(2) = 5, म्हणजे A·e² = 5, म्हणजे A = 5e⁻². उत्तर:

f(x) = 5·eˣ⁻²

पडताळून पाहू. ∫₂ˣ 5·eᵗ⁻² dt = 5·eˣ⁻² − 5. यात 5 मिळवले की 5·eˣ⁻² परत मिळतं. जुळलं. आणि x = 3 वर याची किंमत 5e, म्हणजे १३.५९. पट्ट्या मोजताना आपण ज्या आकड्याकडे सरकत होतो तो हाच.

सवयीने होणारी चूक इथेच असते. पाठ्यपुस्तकातल्या बहुतेक उदाहरणांत खालची सीमा 0 असते, त्यामुळे हात आपोआप x = 0 घालतो, समोरचा 5 हा f(0) समजतो आणि उत्तर येतं 5eˣ. वाढीचा नियम हे उत्तरही पाळतं, f′ = f त्यालाही लागू आहे, म्हणून केवळ डेरिव्हेटिव्हच्या समीकरणात घालून पाहिलं तर चूक दिसणार नाही. मूळ समीकरणात घाला. x = 2 वर उजवी बाजू 5 आहे, पण डावी बाजू 5e², म्हणजे जवळपास ३७. पडताळणी नेहमी मूळ इंटिग्रल असलेल्या समीकरणातच करायची, त्याचं कारण हे.

आणखी एक शंका यायला हवी, आणि आली तर ती फार चांगली शंका आहे. f ला डेरिव्हेटिव्ह आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? प्रश्नात तसं काही लिहिलेलं नाही. f ला कुठे टोक असेल, कुठे तुटलेलं असेल, तर f′ लिहिणंच चुकीचं ठरेल. याचं उत्तर समीकरण स्वतःच देतं. f चं इंटिग्रल काढता येतं एवढंच धरा, कारण त्याशिवाय समीकरणाला अर्थच नाही. कुठल्याही अशा फंक्शनचं क्षेत्रफळ x बरोबर सलग बदलतं, मध्येच उडी मारत नाही, कारण किंचित सरकलं तर किंचितच भर पडते. म्हणून उजवी बाजू सलग आहे. पण उजवी बाजू म्हणजेच f, म्हणून f सलग. आता सलग फंक्शनच्या क्षेत्रफळाला डेरिव्हेटिव्ह असतं, हे मूलभूत प्रमेय सांगतं. म्हणून उजव्या बाजूला डेरिव्हेटिव्ह आहे, म्हणजेच f ला आहे. मग f′ = f म्हणून f′ लाही डेरिव्हेटिव्ह आहे, आणि हे असंच पुढे कितीही वेळा. गुळगुळीतपणा आपण गृहीत धरला नाही, समीकरणानेच तो पायरीपायरीने मिळवून दिला. मला या प्रकारातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

सीमा उलट्या असतील तर? f(x) = 5 + ∫ₓ² f(t) dt. आता x खालच्या बाजूला आहे. x पुढे सरकला की क्षेत्रफळातली एक पट्टी कमी होते, म्हणून f′ = −f. इंटिग्रल शून्य होण्याची जागा तीच, x = 2, आणि उत्तर f(x) = 5·e²⁻ˣ. x वाढेल तसं हे फंक्शन कमी होत जातं. उणे चिन्ह विसरलं तर वाढणारं उत्तर येतं, आणि x = 2 वर तेही 5 च देतं. म्हणजे सुरुवातीची किंमत जुळली एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, आणखी एखादा बिंदू घालून पाहावा.

दिसायला अगदी सारखं, पण आतून पूर्ण वेगळं असं एक समीकरण आता घेऊ.

f(x) = 5 + ∫₀¹ f(t) dt

फरक एवढाच की वरच्या सीमेत x नाही, 1 आहे. पण त्यामुळे इंटिग्रल म्हणजे फक्त एक आकडा झाला, x कितीही असो तो बदलत नाही. इथे कुणी सवयीने f′ = f लिहिलं तर ते साफ चूक आहे, कारण वाढायला वरची सीमा हलतच नाही. बरोबर डेरिव्हेटिव्ह आहे f′(x) = 0. म्हणून f हा स्थिरांक, K म्हणू. आता परत मूळ समीकरणात जाऊ. 0 पासून 1 पर्यंत K चं क्षेत्रफळ K, म्हणून K = 5 + K. हे अशक्य आहे. या समीकरणाला उत्तरच नाही.

डेरिव्हेटिव्ह घेताना आपण कुठे चुकलो नाही, तरी हाती आलेल्या उमेदवारांपैकी एकही खरा ठरला नाही. डेरिव्हेटिव्ह इतकंच सांगतं की उत्तर असलंच तर ते या रूपाचं असेल. ते आहे की नाही, हे मूळ समीकरणच ठरवतं. आता वरची सीमा 1 ऐवजी 2 करून पाहा. क्षेत्रफळ होतं 2K, आणि K = 5 + 2K, म्हणजे K = −5. पडताळा: 5 + 2·(−5) = −5. उत्तर आहे, आणि एकच आहे. मध्यंतराची लांबी १ असेल तर उत्तर नाही, २ असेल तर आहे. वरच्या सीमेत x असताना असलं काही होत नव्हतं, कुठलीही खालची सीमा आणि कुठलाही स्थिरांक घेतला तरी बरोबर एक उत्तर मिळत होतं. गणितात या दोन प्रकारांना नावंही वेगळी आहेत. वरची सीमा हलती असेल तर इटालियन गणिती वितो व्होल्तेरा (१८६०–१९४०) यांच्या नावाने ओळखलं जाणारं समीकरण, आणि सीमा स्थिर असतील तर स्वीडनचे इवार फ्रेडहोम (१८६६–१९२७) यांच्या नावाचं. प्रश्न हातात आला की पहिल्यांदा वरच्या सीमेकडे बघायचं ते यासाठी.

शेवटी थोडं अवघड रूप, कारण दोन वेळा डेरिव्हेटिव्ह घ्यावं लागलं की हरवलेली माहिती जपायची कशी, ते त्यात नीट कळतं.

f(x) = 5 + ∫₀ˣ (x − t)·f(t) dt

आता x दोन ठिकाणी आहे, वरच्या सीमेत आणि इंटिग्रलच्या आतही. आतल्या t च्या जागी x घालून मोकळं व्हावं असा मोह होतो. तसं केलं तर (x − x)·f(x) म्हणजे शून्य, f′ = 0, आणि f = 5 असं उत्तर येतं. मूळ समीकरणात घालून पाहिलं तर उजवी बाजू येते 5 + 5x²/2, जी 5 नाही. चूक लगेच पकडली जाते.

बरोबर वाट अशी: आतला x हा t च्या दृष्टीने स्थिर आहे, म्हणून तो बाहेर काढता येतो.

f(x) = 5 + x·∫₀ˣ f(t) dt − ∫₀ˣ t·f(t) dt

आता डेरिव्हेटिव्ह घ्या. मधल्या पदाला गुणाकाराचा नियम लागतो, त्यातून ∫₀ˣ f(t) dt + x·f(x) मिळतं. शेवटच्या पदातून −x·f(x). x·f(x) उडून जातं आणि उरतं

f′(x) = ∫₀ˣ f(t) dt

इंटिग्रल अजून आहे, म्हणून पुन्हा एकदा: f″(x) = f(x). पण पुढे जाण्याआधी मागचं वेचून घ्या. मूळ समीकरणात x = 0 घातलं की f(0) = 5. एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलेल्या समीकरणात x = 0 घातलं की f′(0) = 0. दर डेरिव्हेटिव्हला एक माहिती गळते, म्हणून दर पायरीला, ते घेण्यापूर्वी, खालची सीमा घालून ती लिहून ठेवायची. f″ = f च्या उत्तरात दोन स्थिरांक असतात, f(x) = A·eˣ + B·e⁻ˣ, आणि आपल्याकडे माहितीही बरोबर दोनच आहेत. पहिलीवरून A + B = 5, दुसरीवरून A − B = 0. दोन्ही अडीच.

f(x) = 5·(eˣ + e⁻ˣ)/2

दोरी दोन टोकांना टांगून सैल सोडली की जो आकार येतो तोही eˣ आणि e⁻ˣ च्या याच सरासरीतून मिळतो. पडताळणीसाठी मघाच्या चुकीच्या उत्तराचाच उपयोग करता येतो. उजव्या बाजूत f = 5 घातल्यावर 5 + 5x²/2 आलं होतं. ते टाकून न देता पुन्हा उजव्या बाजूत घाला. 5 मधून पूर्वीसारखंच 5x²/2 येतं, आणि 5t²/2 मधून (5/2)·(x⁴/3 − x⁴/4), म्हणजे 5x⁴/24. आता हाती आहे 5 + 5x²/2 + 5x⁴/24. आणखी एकदा घातलं की 5x⁶/720 ची भर पडते. आपल्या उत्तरातल्या eˣ आणि e⁻ˣ च्या मालिका लिहून बेरीज केली की विषम घातांची पदं कापली जातात आणि नेमकी हीच पदं, याच क्रमाने उरतात.